तीस सेकंदांचा अंधार : एका अप्रकाशित कथेच्या निमित्ताने

आजोबांची जुनी पेटी उघडणे हा आपल्या कथावाङ्मयात फार वापरला गेलेला प्रसंग आहे. पेटीतून पत्रे निघतात, रोजनिशी निघते, क्वचित एखादा फोटो निघतो, आणि नातवंडाला जे कळायचे ते दोन पानांत कळून जाते. वस्तू सापडली की अर्थही सापडला, असे या कथा गृहीत धरतात. वस्तू हाती आली असताना अर्थ मात्र हाती येत नाही, या मधल्या अवस्थेत थांबण्याची तयारी फार थोड्या कथाकारांपाशी असते. प्रस्तुत लेख अशा एका कथेविषयी आहे. ती अद्याप छापली गेलेली नाही. या विद्यापीठात अभ्यागत म्हणून मी तौलनिक साहित्याचे जे चर्चासत्र घेतो, त्यातील एका विद्यार्थिनीने ती लिहिली. ती मूळची बडोद्याची, मराठी घरातली. तिच्या संमतीने येथे कथेचा परामर्श घेत आहे. नाव तिने राखून ठेवले आहे आणि कथेतील माणसांनाही तिने नावे दिलेली नाहीत : आजोबा, आजी, आत्या आणि नात, एवढेच.

कथेचा पहिला खर्डा मी वाचला तेव्हा तो नेहमीच्या वाटेनेच गेलेला होता. आजोबा बडोदे संस्थानच्या बांधकाम खात्यात अभियंते होते. त्यांच्याकडे सोळा मिलिमीटरचा चावीचा कॅमेरा होता. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाई की आजोबांनी हरिपुरा काँग्रेसचे चित्रण केले आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत सुरत जिल्ह्यात तापीकाठी भरलेले, सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखालचे ते अधिवेशन. वाडा विकताना माळ्यावरच्या ट्रंकेत नातीला पत्र्याचा डबा सापडतो, डब्यात रीळ निघते. ती ते कुठूनतरी मिळवलेल्या प्रोजेक्टरवर चढवते आणि भिंतीवर इतिहास उभा राहतो. नात त्या चित्रणाला संगीत आणि निवेदन जोडते, आजोबा इतिहासाचे साक्षीदार ठरतात, आणि कथा संपते.

चर्चेत मी एकच आक्षेप घेतला. कथेतले रीळ ही खरी वस्तू नव्हती. तो आठवणीला दिलेला दुसरा शब्द होता. त्याच्या जागी रोजनिशी ठेवली असती तरी कथेतले एक वाक्यही बदलावे लागले नसते. ज्या वस्तूवर कथा उभी आहे ती वस्तू कथेला काही नकार देत नसेल, तर ती तेथे आहे कशाला? मी तिला म्हटले, आधी रीळ वाचायला शिक, मग नातीला शिकव. तिने ते मनावर घेतले. हयातभर चित्रपट-संकलन केलेल्या एका वृद्ध गृहस्थांच्या टेबलाशी ती पंधरा दिवस बसली आणि चार महिन्यांनी दुसरा खर्डा घेऊन आली. या लेखाचा विषय तो दुसरा खर्डा आहे.

दुसऱ्या खर्ड्यात नात डबा उघडते तेव्हा प्रथम येतो तो शिरक्याचा वास. जुन्या फितीचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. दमट हवेत आणि उष्णतेत त्याचे विघटन होऊ लागले की ॲसिटिक आम्ल सुटते. हा वास त्याचा. विघटनाबरोबर फीत आक्रसते. कथेतला संकलक फितीचा एक तुकडा नव्या फितीला समांतर ठेवतो आणि नातीला शंभर छिद्रे मोजायला लावतो. शंभराव्या छिद्राशी जुनी फीत एका छिद्राने मागे पडलेली दिसते. म्हणजे ती एका टक्क्याने आक्रसली आहे. प्रोजेक्टरचे दाते नव्या फितीच्या मापाने घडवलेले असतात. अशी फीत त्यावर चढवली तर ते छिद्रांच्या कडा फाडत जातील. आणखी एक गोष्ट तो सांगतो. हौशी माणसे त्या काळी जी फीत वापरत ती बहुधा रिव्हर्सल जातीची असे : कॅमेऱ्यात जी फीत उजेड पाही तीच धुऊन पडद्यावर दाखवली जाई. वेगळी निगेटिव्ह नसे. तेव्हा हातात आहे ती प्रत नव्हे, ती एकुलती एक मूळ संहिता आहे. पहिल्या खर्ड्यातली भिंतीवर चित्र पाडण्याची घाई या दोन माहित्यांनी कायमची संपते. फीत दात्यांवर न ओढता तिच्या एकेका चौकटीची संगणकीय प्रत करवून घ्यावी लागते आणि मूळ रीळ तसेच गुंडाळून ठेवावे लागते.

त्यानंतर रीळ वाचण्याचे काम सुरू होते. कथेचा हा भाग मला सर्वांत समृद्ध वाटतो, कारण पोथी वाचणाऱ्या माणसाला तो परका वाटत नाही. कागदावरच्या जलचिन्हावरून हस्तलिखिताचा काळ ठरवावा, तसा फितीचा काळ तिच्या कडेवरून ठरवता येतो. कोडॅक कंपनी अमेरिकेत बनवलेल्या फितीच्या कडेवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा छापत असे आणि दर वीस वर्षांनी त्याच खुणा पुन्हा येत. आजोबांच्या रिळावर सर्वत्र एकच त्रिकोण आहे. त्याचा अर्थ १९१८, १९३८ किंवा १९५८. सोळा मिलिमीटरची फीत १९२३ मध्ये बाजारात आली, म्हणून पहिले वर्ष बाद. उरतात दोन. येथे नात थोडी थबकते, कारण १९३८ हे वर्ष तिला हवे आहे. पण हवे असलेले वर्षच तिच्या गृहीतावर उलटते. ज्या वर्षी फीत बनली त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ती हरिपुऱ्याला कशी पोचेल? अमेरिकेहून आगबोटीने मुंबई, तेथून दुकान, तेथून बडोदे : एवढा प्रवास काही आठवड्यांत होणे जवळजवळ अशक्य. रीळ १९३८ चे असले तरी हरिपुऱ्याचे नाही, आणि १९५८ चे असेल तर मुळीच नाही. चौकटी मोठ्या करून पाहिल्यावर हेच दिसते. त्यांत ना अधिवेशन, ना जमाव. वाड्याची ओसरी, झोपाळा, तुळशीवृंदावन, पाणवठ्याचा रस्ता, आणि पागोटे घालून आरामखुर्चीत बसलेले पणजोबा.

पणजोबांमुळे दुसराही प्रश्न सुटतो. ते १९४४ मध्ये वारले हे कुलवृत्तांतात नोंदलेले आहे. तेव्हा त्रिकोण १९३८ चाच. चित्रण त्यानंतरचे आणि १९४४ पूर्वीचे. घराने जपलेली कीर्ती येथे गेली. तिच्या बदल्यात जे हाती येते त्याचे नातीला काय करावे हे कळत नाही. कारण ओसरीवर पाळणा आहे. पाळण्यात मूल आहे. नातीचे वडील १९४७ चे, आत्या १९५० ची. त्यांच्याआधी या घरात मूल होते असे कोणी कधी बोललेले नाही.

यापुढचा भाग मी जरा तपशिलाने सांगतो, कारण कथेचा सारा भार त्यावर आहे. अशा कॅमेऱ्याला लागणारी फीत शंभर फुटांच्या गुंडाळीत येई. गुंडाळी उजेडातच कॅमेऱ्यात भरायची असल्याने तिची दोन्ही टोके प्रकाशाने होरपळत. धुतल्यावर तेथे चित्र पांढुरके होऊन विरत गेलेले दिसते. रिळावर अशी होरपळ कोठे कोठे आहे हे पाहून नात ठरवते की हे रीळ तीन गुंडाळ्यांचे बनले आहे. त्या जेथे जोडल्या आहेत तेथे फिल्म सिमेंटचे जोड आहेत : एका टोकावरचा चित्राचा थर खरवडून, दुसरे टोक त्यावर किंचित चढवून पक्के केलेले. हे सरावाचे काम आहे, आजोबांच्या हातचे. परंतु दुसऱ्या गुंडाळीच्या पोटात आणखी एक जोड आहे, तो घरगुती चिकटपट्टीचा. पट्टी पिवळी पडून तिचा डिंक शेजारच्या वेढ्यांवर उतरला आहे. ज्याला सिमेंटचा जोड येतो तो माणूस ही पट्टी वापरणार नाही. म्हणजे हा दुसरा हात आहे, आणि बहुधा बऱ्याच नंतरचा.

जोडाच्या अलीकडे पाळणा आहे, पलीकडे तीच ओसरी, पण पाळण्याविना. मधे काही कापले गेले, की आजोबांनीच कॅमेरा थांबवून पुन्हा कधीतरी सुरू केला? संकलक तिला खूण सांगतो. चावीचा कॅमेरा सुरू होताना क्षणभर मंद चालतो, त्यामुळे प्रत्येक दृश्याची पहिली एकदोन चौकटी जास्त उजेड खाऊन फिकट झालेली असते. रिळात इतरत्र प्रत्येक दृश्याच्या आरंभी तसा फिकटपणा दिसतो. पट्टीच्या पलीकडची पहिली चौकट मात्र पूर्ण गडद आहे. म्हणजे ते दृश्य तेथे सुरू होत नाही. त्याचे डोके उडवलेले आहे. कात्री चालली, हे निश्चित.

किती कापले, याचेही गणित निघते. सोळा मिलिमीटरच्या एका फुटात चाळीस चौकटी बसतात. शंभर फुटांत चार हजार. फीत आक्रसलेली असल्याने फूटपट्टी लावण्यात अर्थ नाही. नात चौकटी मोजते. पहिल्या आणि तिसऱ्या गुंडाळीत चार हजारांना अगदी थोड्या कमी चौकटी भरतात. दुसरीत ३,५२० भरतात. तूट सुमारे ४८० चौकटींची. मूक चित्रणाचा रूढ वेग सेकंदाला सोळा चौकटी. चारशे ऐंशी भागिले सोळा : तीस सेकंद. चावीच्या कॅमेऱ्यात एका चावीवर साधारण अर्ध्या मिनिटाच्या आतबाहेरचेच दृश्य घेता येते. तेव्हा हरवले आहे ते एक लांब दृश्य, किंवा दोनतीन लहान. कोणाच्या हाताने हरवले हे कथा सांगत नाही. आजीच्या शिवणाच्या पेटीत कात्री होती, एवढे एक वाक्य बरेच आधी, भलत्याच संदर्भात येऊन जाते.

आता नातीपुढे चित्रपट जुळवण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि येथे कथा खऱ्या अर्थाने धोक्याच्या जागी येते. मूळ रीळ सुरक्षित आहे. संगणकावर चौकटी हव्या तशा मागेपुढे करता येतात. पूर्वीच्या संकलकाला एकुलत्या फितीवर कात्री चालवताना जी भीती वाटे, ती आता उरलेली नाही. पहिल्या गुंडाळीत आजीचे एक दृश्य आहे : ती दारात उभी राहून कॅमेऱ्याकडे पाहते, हसत नाही, आणि पदर सारखा करून आत जाते. नात ते उचलून पाळण्याच्या नंतर ठेवून पाहते. परिणाम भयंकर होतो. मूल, मग रिकामी ओसरी, मग आजीची ती नजर. काय घडले असेल ते कोणालाही सांगावे लागू नये. लेव कुलेशॉव या रशियन दिग्दर्शकाने १९२० च्या आसपास हेच दाखवून दिले होते : नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या दृश्यांशेजारी ठेवला की प्रेक्षकाला त्यात कधी भूक दिसते, कधी शोक. भाव चेहऱ्यात नसतो, शेजारात असतो. नातीला दिसलेला आजीचा शोक असाच शेजाराने दिलेला आहे. ती नजर उन्हाने त्रासलेल्या, किंवा कॅमेऱ्याला बुजलेल्या नव्या सुनेची असू शकते.

चर्चासत्रात या जागी मी एस्फिर शूब हिची आठवण काढली. १९२७ मध्ये रशियन क्रांतीच्या दशकपूर्तीनिमित्त तिने रोमानोव्ह घराण्याच्या पाडावावर चित्रपट केला, तो सर्वस्वी इतरांनी चित्रित केलेल्या, तळघरांत कुजत पडलेल्या फितींतून. त्यांत झारच्या दरबारी छायाकाराने टिपलेली राजकुटुंबाची घरगुती दृश्येही होती. बोटीच्या डेकवर नाचणाऱ्या, घाम टिपणाऱ्या सरदार-स्त्रियांशेजारी तिने घाम गाळणारे मजूर ठेवले आणि कौतुकाने टिपलेले दृश्य आरोपपत्र झाले. शूबचे कर्तृत्व मोठे आहे आणि तिचा हेतू ती लपवत नाही. पण आपल्या नातीची अडचण वेगळी आहे. शूबला ज्यांच्याविरुद्ध साक्ष काढायची होती त्यांच्याशी तिचे नाते नव्हते. नातीला कोणाविरुद्ध साक्ष काढायची नाही, आणि तरीही ती आजीच्या तोंडी एक अशी कबुली घालण्याच्या बेतात आहे, जी आजीने कधी दिलेली नव्हती. उलट जी न देण्यासाठीच कदाचित कात्री हाती घेतलेली होती.

आमच्या परंपरेत या पेचाला जुने नाव आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली आणि पुढच्यांना बजावले की या ग्रंथात आपली ओवी घालू नका. भर घालणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. त्याला ग्रंथ पुरा करायचा असतो. प्रक्षेप नेहमी पूर्ततेच्या रूपाने येतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ मध्ये ते संपवले. त्या आवृत्तीतली एक साधी योजना मला फार मोलाची वाटते. जो पाठ संपादकांनी स्वीकारला, पण ज्याची त्यांना पुरती खात्री नाही, त्याच्याखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. श्लोक वाचता येतो, अर्थ लागतो, आणि त्याच वेळी डोळ्याला कळते की येथे जमीन पोकळ आहे. तळटीप वाचकाला श्लोकापासून दूर नेते. नागमोडी रेघ त्याला तेथेच ठेवून सावध करते.

चित्रपटाला नागमोडी रेघ नसते. पडद्यावर जे येते ते सारखेच खात्रीचे वाटते. जोड दिसेनासा करणे हेच तर संकलकाचे कसब. कथेतल्या नातीला तिची रेघ शोधावी लागते. ती आजीचे दृश्य पहिल्या गुंडाळीत जेथे होते तेथे परत ठेवते. तिन्ही गुंडाळ्या आजोबांनी ज्या क्रमाने जोडल्या त्याच क्रमाने राहतात. संगीत नाही, निवेदन नाही. वेग सेकंदाला सोळा चौकटींचाच, कारण चोवीसने चालवले तर माणसे बाहुल्यांसारखी धावतील. आणि पट्टीच्या जागी ती ४८० काळ्या चौकटी घालते. साडेबारा मिनिटांच्या चित्रपटात तीस सेकंदांचा अंधार.

आमच्या चर्चेत या शेवटावर दोन आक्षेप आले आणि ते दोन्ही विचारार्ह आहेत. पहिला हिशेबाचा. दुसरी गुंडाळी पूर्ण भरलेली होती, आणि जे कापले ते सगळे एकाच जागचे होते, ही दोन गृहीते नसली तर तीस सेकंद हा आकडा कोसळतो. लेखिकेचे उत्तर असे की गुंडाळीच्या दोन्ही टोकांची होरपळ शाबूत आहे, म्हणजे टोकाकडून काही गेलेले नाही. आणि मधे दुसरा जोड नाही. हे उत्तर मला पटते, मात्र चित्रणाचा वेग सोळाच होता हे रूढीवरून धरलेले आहे, आणि माणसांच्या चालण्याकडे पाहून ठरवलेल्या वेगात थोडेफार इकडेतिकडे होणारच. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. काळा पडदा तटस्थ असतो का? कापणाऱ्याला ती जागा दिसू नये असे वाटले होते. चिकटपट्टीने दोन टोके जोडली ती म्हणूनच. नातीने अंधार घालून कापलेली गोष्ट पुन्हा नजरेस आणली, गुपिताची लांबीदेखील मोजून दाखवली. एका अर्थी तिने आजीचा पाठ नाकारला आणि आजोबांचा स्वीकारला.

हा दुसरा आक्षेप मला खोडता आलेला नाही. चिकित्सक संपादक नेहमीच मूळ कर्त्याची बाजू घेतो आणि मधल्या हातांना दूषित करणारे हात समजतो. पण घराच्या इतिहासात मधला हात बहुधा स्त्रीचा असतो. त्याने काय ठेवले, काय काढले, हीच त्याची रचना असते. आजोबांकडे कॅमेरा होता. आजीकडे असलीच तर कात्री होती. नातीच्या चित्रपटात दोघांचीही कृती दिसायला हवी, आणि अंधाराचा लाभ मला येथे वाटतो : आजोबांनी काय टिपले ते त्यात दिसत नाही, आजीने काय केले तेवढेच दिसते. रिकामी जागा ही त्या बाईच्या हातची एकमेव निशाणी आहे. ती सफाईने बुजवली असती तर रिळात आजी केवळ दुसऱ्याने टिपलेली उरली असती.

लेखिकेने हे असे कोठेही म्हटलेले नाही. तिने शेवट फार साधा केला आहे. घरातली पाचसहा माणसे दिवाणखान्यात बसून चित्रपट पाहत आहेत. पणजोबांना पाहून हसणे झाले आहे, झोपाळा ओळखला गेला आहे. पाळणा येतो तेव्हा कोणी बोलत नाही. मग पडदा काळा होतो. दहा सेकंद जातात, पंधरा जातात.

“रीळ तुटलं का गं?” आत्या विचारतात.

“नाही आत्या. तेवढं असंच आहे.”

आत्या पुढे काही विचारत नाहीत. त्या चष्मा काढतात, पदराने पुसतात आणि पुन्हा डोळ्यांवर लावून काळ्या पडद्याकडे पाहत राहतात. तीस सेकंद पुरे होतात, ओसरी परत येते, आणि कथा तेथे थांबते.